चमचा म्हणजे 15 ग्रॅम नव्हे

गणपतीतल्या महाप्रसादाचा मसालेभात बिघडला तो माझ्या कृतीमुळे नव्हे. सोसायटीत अजूनही दबक्या आवाजात तसं बोललं जातं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी कृती सहा जणांची आहे. तांदूळ 400 ग्रॅम म्हणजे दोन कप, पाणी चार कप, मीठ अडीच चमचे, तिखट एक चमचा, गोडा मसाला दोन चमचे, हिंग पाव चमचा आणि तेल पाव कप. चमचा छोटा, 5 मिलीचा आणि सपाट भरलेला, हे मी त्याच कागदावर लिहून दिलं होतं. आमच्या खजिनदारांनी तो कागद घेतला, साठ माणसं म्हणून प्रत्येक आकड्याला दहाने गुणलं आणि वाण्याला यादी द्यायची म्हणून सगळ्याचे ग्रॅम केले. सगळ्यांना एकच हिशेब लावला, चमचा म्हणजे 15 ग्रॅम.

भिंतीवर चिकटवलेला तो तक्ता मी पाहिला तेव्हा फोडणी होऊन गेली होती. मीठ 375 ग्रॅम, तिखट 150 ग्रॅम. मी तिथेच थांबले. छोटा चमचाभर बारीक मीठ साधारण 6 ग्रॅम भरतं, म्हणजे पंचवीस चमच्यांचं दीडशे ग्रॅम व्हायला हवं होतं. तिखट हलकं असतं, चमचाभर जेमतेम अडीच ग्रॅम. दहा चमच्यांचं 25 ग्रॅम. म्हणजे मीठ अडीचपट आणि तिखट सहापट पडलं होतं. मी तसं सांगितलं तर खजिनदार सगळ्यांसमोर म्हणाले, “काकू, कृती तुमचीच आहे, आम्ही फक्त गुणाकार केला.” त्यांचा गुणाकार बरोबर होता. चूक होती ती चमच्याचे ग्रॅम करण्यात, आणि ती कृती माझी नव्हती. शेवटी वेगळा पांढरा भात शिजवून त्यात कालवला. तरी पोरांनी तो पानात टाकलाच.

म्हणून पहिली गोष्ट. मापाचं वजन करताना प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा धरावा लागतो. तांदळाचा कप 200 ग्रॅम, तर कणकेचा सव्वाशेच्या आसपास. घरच्या मसाल्याचा आकडा स्वतः काढा. काट्यावर वाटी ठेवून दहा सपाट चमचे भरा, वजन घ्या, दहाने भागा. एकच चमचा ठेवून वजन करू नका, स्वयंपाकघरातला काटा एवढं कमी वजन नीट दाखवत नाही. हा आकडा तक्त्यात जिन्नसापुढे वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ माप खोडू नका, म्हणजे कुठे घोळ झाला ते नंतर दिसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. यादीत दहा पट म्हणजे चाळीस कप, जवळजवळ दहा लिटर पाणी होतं, आणि भात गिचका झाला त्याचं कारण तेच. छोट्या पातेल्यात दोन कप तांदळाला घातलेल्या चार कपांतलं बरंच पाणी वाफ होऊन जातं. मोठ्या पातेल्यात पाणी दहापट असलं तरी वरचा उघडा भाग दहापट नसतो, त्यामुळे त्या मानाने वाफ कमी जाते. वीस कप तांदळाला मी तीस कप, म्हणजे साधारण सात लिटर पाण्याने सुरुवात करते आणि शेजारी आधण तयार ठेवते. दाणा दाबून पाहायचा, आत कणी लागली तरच आणखी घालायचं. जुन्या तांदळाला लागतं, नव्याला सहसा नाही.

फोडणीचं तेलही सरळ दहापट करत नाही, सातपटीवर थांबते. हिंग, लवंग, तिखट आधी सात-आठपट घालावं आणि आधणाची चव घेऊन वाढवावं. मीठ मात्र जवळजवळ सरळ हिशेबाने जातं, फक्त शेवटचा थोडा भाग मागे ठेवावा. शिजायचा वेळ दहापट होत नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण तक्त्यात तोही गुणलेला होता.

आणि साठ म्हणजे कोणते साठ, ते आधी ठरवा. माझ्या कृतीतले सहा जण फक्त भातच जेवतात. पंगतीत पुरी, भाजी, शिरा असताना तेवढा भात खपत नाही. तिथे सातपट पुरली असती. हेही मी आधी विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही.

दोघांसाठी कमी करतानाही आकडे असेच फसवतात. तिसरा भाग काढला की मीठ 0.83 चमचा येतं. ते पाऊण चमचा लिहा आणि चव घ्या. हिंग चिमूटभर, दालचिनीचा लहान तुकडा.

यंदा पुन्हा कृती मागितली गेली. मी साठ माणसांचा तक्ता स्वतःच करून, ग्रॅम आणि लिटरमध्ये दिला आहे, आणि त्यातला एकही आकडा मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही असं कमिटीकडून लिहून घेतलं आहे.