लायकेन प्लॅनस : त्वचा पाहताना मुखपरीक्षण

लायकेन प्लॅनसचे याच नावाने वर्णन आपल्या संहितांत नाही. लक्षणांनुसार क्षुद्रकुष्ठात त्याचा विचार होतो. मनगटाच्या आतील बाजूस चपट्या, चकचकीत, जांभळट पिटिका व तीव्र कंडू, आणि गालांच्या आतील बाजूस पांढऱ्या रेषांची जाळी, हे त्याचे ठळक रूप. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी त्वचेच्या तळच्या थरावर हल्ला करतात, म्हणून हा व्याधी संसर्गजन्य नाही. हिपॅटायटिस सी तसेच रक्तदाब, मलेरिया इत्यादींवरील काही औषधांशी त्याचा संबंध आढळतो. सुवर्णाच्या क्षारांनीही अशा पिटिका उठतात. म्हणून या रुग्णास सुवर्णकल्प देऊ नयेत व औषधालयांनीही ते स्वतःहून सुचवू नयेत.

रत्नागिरी परिसरातील ४६ वर्षांची एक स्त्री तीन महिन्यांच्या कंडूसाठी आली. तिला मिश्रीची सवय होती, त्यामुळे तोंडातील पांढरेपणा मिश्रीचा असावा असे प्रथम वाटले. परंतु मिश्रीचा डाग बहुधा ती ठेवण्याच्या जागी, एका बाजूस व जाड असतो. येथे दोन्ही गालांवर सारखी जाळी होती आणि ती कापसाने पुसली जात नव्हती, म्हणून बुरशीही नव्हे. बायॉप्सीने निदान पक्के झाले. हिपॅटायटिस सीची तपासणी नकारार्थी आली. पाच महिन्यांपूर्वी रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड सुरू झाले होते. ते परस्पर न थांबवता तिच्या डॉक्टरांकडून बदलून घेतले.

मंजिष्ठादि क्वाथ ४० मिली दोन वेळा व महातिक्तक घृत १० ग्रॅम सकाळी दिले. तोंडासाठी ज्येष्ठमधाच्या कोमट काढ्याचा गंडूष योजला. काढा थुंकून टाकण्यास बजावले, कारण ज्येष्ठमध पोटात गेल्यास रक्तदाब वाढू शकतो. मिश्री पूर्ण बंद केली. मिरची, सुकी मासळी व आंबट सोलकढी वर्ज्य केली. त्वचेवर घर्षण व तीक्ष्ण लेप टाळले, कारण खाजवल्याच्या रेषेतच नव्या पिटिका उठतात.

सहा आठवड्यांत कंडू शमला. चार महिन्यांत पिटिका सपाट होऊन काळपट डाग उरले. तोंडाची आग कमी झाली, जाळी मात्र राहिली. याचे श्रेय केवळ आपल्या कल्पांना देता येत नाही. औषध बदलले होते, शिवाय त्वचेवरील व्याधी बहुधा एकदोन वर्षांत आपोआप ओसरतो. मुखातील व्याधी वर्षानुवर्षे टिकतो.

मुखात व्रण असल्यास आधुनिक चिकित्सेतील स्थानिक स्टेरॉइडसाठी रुग्णास पाठविण्यात संकोच नसावा. अल्प रुग्णांत, सुमारे शंभरात एकास, तेथे कर्करोग उद्भवतो. म्हणून दर सहा महिन्यांनी मुखपरीक्षण करावे. तीन आठवड्यांत न भरणारा, कडा कठीण झालेला व्रण दिसल्यास औषध बदलत न बसता तत्काळ बायॉप्सीस पाठवावे.