उताऱ्याचा गोषवारा आणि पंच्याऐंशी रुपये

महसूल खात्यात हिशेबाच्या दफ्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला स्वतःच्या बचत खात्याचा उतारा नीट वाचता येऊ नये, हे सांगताना मला क्लेश होतात. परंतु ज्या चुकीमुळे माझे पैसे गेले आणि बँकेकडे केलेला माझा तक्रारअर्जही निकामी ठरला, ती चूक पुष्कळांच्या हातून होत असावी असे वाटल्यामुळे तिचा तपशील येथे देत आहे.

सेवानिवृत्तीनंतर आमच्या गावी दोन म्हशी आहेत, आणि दूधसंस्थेचे दहा-दहा दिवसांचे बिल दर महिन्याच्या 7, 17 आणि 27 तारखेला एका स्वतंत्र बचत खात्यात जमा होते. त्याच खात्यातून मोटारसायकलच्या कर्जाचा 3,250 रुपयांचा हप्ता 5 तारखेला परस्पर वळता होत असे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी 2025 सालच्या पूर्वार्धात मी पुण्यास राहिलो, आणि गावी असलेल्या पुतण्याने जून अखेरीस सहा महिन्यांच्या उताऱ्याची छायाचित्रे माझ्या मोबाइलवर पाठविली. "काका, दूध तेवढेच आहे, पण खात्यात पैसा का टिकत नाही ते तुम्हीच बघा," एवढेच त्याने सोबत कळविले होते.

मी कागद घेतला, `RTN CHG` असा शेरा असलेल्या नोंदी मोजल्या, त्या सहा भरल्या, आणि सहा वेळा हप्ता परत गेल्याचा आकार बँकेने घेतला असे गृहीत धरून अर्ज लिहिला. त्यातील एक परत तर 5 जानेवारीची, म्हणजे रविवारची होती, आणि सुटीच्या दिवशी हप्त्याची मागणी खात्यावर येतेच कशी, हा माझा मुख्य आक्षेप होता. शाखेतील अधिकाऱ्यांनी दोन्ही मुद्दे शांतपणे खोडून काढले. परती सहा नसून पाच होत्या. आणि नाच, म्हणजे हप्ते परस्पर वसूल करणारी व्यवस्था, 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी व सुटीच्या दिवशीही चालू असते. रविवारचा हप्ता सोमवारवर जाईल या जुन्या समजुतीवर आम्ही सोमवारी भरणा करण्याचे योजिले होते, ते सर्वस्वी चुकीचे होते.

त्यानंतर मी तोच उतारा पुन्हा, ओळीओळीने, ताळा घेत वाचला. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काय घडले ते पाहावे. 5 तारखेला खात्यात अवघे 60 रुपये होते, म्हणून हप्ता परत गेला. या परतीचा आकार 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर 45 रुपये, असा एकूण 295 रुपये होता. परंतु तेवढी शिल्लक नसल्यामुळे बँकेने त्या दिवशी 60 रुपये वळते केले आणि उरलेले 235 रुपये 7 तारखेला, दुधाचे 3,400 रुपये जमा होताच, वसूल केले. एकाच आकाराच्या या दोन नोंदींना मी दोन परती समजलो होतो. शिल्लक राहिली 3,165 रुपये. कर्ज देणाऱ्या कंपनीने 10 तारखेला हप्त्याची मागणी पुन्हा पाठविली, तेव्हा 85 रुपये कमी पडले आणि दुसरी परत होऊन आणखी 295 रुपये गेले. पहिला आकार वसूल झाला नसता, तर शिल्लक 3,460 रुपये असती आणि हप्ता सुखरूप गेला असता. पहिल्या दंडाने दुसऱ्या दंडाला जन्म दिला, ही गोष्ट नुसत्या बेरजेत कधीच दिसत नाही. ती शिल्लकेच्या रकान्यात दिसते.

हाच शिल्लकेचा रकाना छायाचित्र वाचताना आपला खरा साक्षीदार असतो. पुतण्याने काढलेल्या चित्रात कागदाला घडी पडली होती, आणि 235 हा आकडा मला 285 असा दिसला होता. मागील शिल्लक शून्य, जमा 3,400, आणि पुढे छापलेली शिल्लक 3,165, एवढे जुळवून पाहिले असते तर वजावट 235 चीच असली पाहिजे हे क्षणात कळले असते. म्हणून प्रत्येक आकाराच्या ओळीची रुजवात तिच्या मागच्या व पुढच्या शिल्लकेशी करावी, आणि छायाचित्र घेताना शिल्लकेचा उजवीकडील रकाना कापला जाऊ देऊ नये. पानाच्या माथ्यावरील मागील पानाची बाकीही चित्रात यावयास हवी. चित्र दुसऱ्याकडे पाठविण्यापूर्वी खाते क्रमांक मात्र झाकावा.

दुसरी कसोटी कराची आहे. आकाराच्या रकमेस 1.18 ने भागावे: 295 चे 250 होतात, 118 चे 100, 17.70 चे 15. भागाकार असा सरळ आला तर ती कर धरून घेतलेली पूर्ण रक्कम आहे असे बहुधा समजावे. 235 ला भागले असता 199 वर अपूर्णांक येतो, आणि तेथेच थांबून हा आकडा अर्धवट वसुलीचा आहे की चुकीचा वाचला गेला आहे, हे शोधले पाहिजे. काही बँका मूळ आकार आणि कर वेगवेगळ्या ओळींत दाखवितात. त्या वेळी दोन्ही ओळी मिळून एकच प्रसंग धरावा, कारण गोषवारा प्रसंगांचा करावयाचा असतो, ओळींचा नव्हे. नोंदीची तारीखही वसुलीची असते, कारणाची नव्हे. शेऱ्यात मूळ तारीख असल्यास तीच लिहून घ्यावी.

या रीतीने केलेला माझा गोषवारा असा निघाला. पाच परतींचे 1,475 रुपये. किमान सरासरी शिल्लक 2,000 रुपये न राखल्याबद्दल तीन महिन्यांचे प्रत्येकी 118, म्हणजे 354 रुपये. संदेशांचे दोन तिमाहींचे 35 रुपये 40 पैसे. आणि कार्डाची वार्षिक वर्गणी 177 रुपये. तिमाही व्याज खात्यावर जमा झाले होते, पण ते मी दंडातून वजा केले नाही, कारण तसे केल्याने दंड लहान दिसतो. पहिल्या दोन बाबींचे 1,829 रुपये टाळता आले असते. शिवाय परतीचा अर्धा खर्च बँकेच्या उताऱ्यात नसतोच. कर्ज देणाऱ्या कंपनीकडून कर्जखात्याचा उतारा मागविला, तेव्हा तिनेही प्रत्येक परतीमागे 400 प्रमाणे 2,000 रुपये नावे टाकल्याचे आढळले. दोन्ही मिळून 3,829 रुपये झाले; एका हप्त्याहूनही अधिक.

मग मी दुसरा अर्ज केला, आणि या वेळी जेवढे न्याय्य तेवढेच मागितले. किमान शिल्लकेचा दंड लावण्यापूर्वी ग्राहकास कळवून शिल्लक भरण्यास निदान महिन्याची मुदत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 1 एप्रिल 2015 पासून आहे. पहिल्या दंडापूर्वीची सूचना शाखेच्या दफ्तरी सापडली नाही, म्हणून ते 118 रुपये परत मिळाले. परतींचे आकार मिळाले नाहीत, आणि मिळावयासही नकोत. शिल्लक खरोखरच कमी होती. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` येथे विनामूल्य दाद मागता येते. मला त्याची गरज पडली नाही.

खरा उपाय बँकेत नव्हता, तो कर्ज देणाऱ्या कंपनीत होता. दुधाचे बिल 7 तारखेला येते हे दाखवून मी हप्त्याची तारीख बदलून मागितली. त्यासाठी नवे संमतीपत्र भरून द्यावे लागले. ऑगस्टपासून हप्ता 12 तारखेला जातो, आणि तेव्हापासून एकही परत झालेली नाही.