शेवटच्या ओळीची तपासणी

विद्यार्थ्यांनी वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवावे आणि मी ते तपासावे, असा परिपाठ पडल्यापासून एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली आहे: सूत्र बिनचूक आणि आकडेमोड स्वच्छ असूनही शेवटची ओळ सदोष असते, आणि चौकटीतल्या त्या उत्तरावरच नजर प्रथम खिळत असल्यामुळे दोषाचे मूळ वर कोठे आहे हे ध्यानात येत नाही.

साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याच्या प्रयोगाचे असेच एक पान माझ्याकडे आले. लांबी ९८.२ सेंटिमीटर, २० दोलनांचा काळ ३९.८ सेकंद, उत्तर ९.६९, आणि खाली खुलासा असा, की स्टॉपवॉच सदोष असावे. वस्तुतः स्टॉपवॉच निर्दोष होते. ३९.८ ला २० ने भागले असता दोलनकाल १.९९ सेकंद येतो, तो विद्यार्थ्याने सोयीसाठी २ धरला होता; आणि g = 4π²L/T² या सूत्रात दोलनकालाचा वर्ग होत असल्याने अर्ध्या टक्क्याची ती सूट उत्तरात एक टक्का होऊन उतरली. १.९९ तसाच ठेवला, तर गणकयंत्र ९.७८९६०३ दाखवते. लांबी आणि काळ या दोन्ही मापांत तीनच सार्थ अंक आहेत, आणि २० ही मापाची नव्हे, गणतीची संख्या असल्यामुळे ती अंकांवर मर्यादा घालीत नाही. सबब उत्तर ९.७९. पूर्णांकन करावयाचे ते शेवटी आणि एकदाच. मधल्या पायऱ्यांत एकदोन अंक अधिक राखावेत.

त्याच पानावर एककाचाही प्रश्न होता. उत्तरापुढे m/s एवढेच दिसत होते. वरचा 2 समासाबरोबर कापला गेला होता, की मुळातच लिहिला नव्हता, हे छायाचित्रावरून ठरविता येईना. लांबीला काळाच्या वर्गाने भागले की m/s² च येणार, हे सूत्र सांगते. परंतु वहीत काय आहे हे सूत्र सांगू शकत नाही. म्हणून अंदाजाने गुण न देता व न कापता मी पानाच्या उजव्या कडेचे दुसरे छायाचित्र मागविले. दशांशचिन्हाचीही गत तीच असते: रेघेवर पडलेला ठिपका दिसेनासा होतो आणि ९८.२ चे ९८२ वाचले जाते. त्याची पारख निरीक्षणांच्या तक्त्यातच होते, कारण मीटरपट्टीने मोजलेला प्रयोगशाळेतील लंबक जवळजवळ दहा मीटर लांबीचा असणे संभवत नाही. लांबी सेंटिमीटरमध्येच सूत्रात घातली असेल, तर उत्तर ९७९ येते आणि ते चूक नसते; मात्र त्यापुढे cm/s² हवे, सवयीने लिहिलेले m/s² चालत नाही.

म्हणून तपासणाऱ्यांना माझे सांगणे असे, की तपासणी निरीक्षणांच्या तक्त्यापासून आरंभावी, मापांतील सार्थ अंक मोजावेत, पहिले पूर्णांकन कोठे झाले ते शोधावे, आणि मगच चौकटीतील उत्तर व त्याचे एकक पाहावे. विद्यार्थ्यांनीही पान चारही कडांसह, तिरक्या सावलीवाचून टिपावे, आणि धाडण्यापूर्वी ते मोठे करून प्रत्येक दशांशचिन्ह व प्रत्येक घातांक स्वतः वाचून पाहावा.