सभेचे इतिवृत्त : आधाराची ओळ

सभेतील संभाषणाची शब्दशः नोंद व सभेचे इतिवृत्त यांत मोठा फरक आहे. पहिलीत जे जे बोलले गेले ते सर्व येते; दुसऱ्यात काय ठरले, ते कोणी करावयाचे व केव्हापर्यंत, एवढेच येते. हे रूपांतर करताना लेखनिकाच्या हातून एक दोष नकळत घडतो. सभेत मोकळी राहिलेली जागा तो आपल्या तर्काने भरून टाकतो.

उदाहरणार्थ, तालुक्याच्या पाणीपुरवठ्याची आढावा सभा मंगळवार, 18 मार्च रोजी झाली असे समजू. शब्दशः नोंदीच्या ओळींना क्रमांक दिले आहेत.

ओळ 14, अध्यक्ष : पंपदुरुस्तीचे अंदाजपत्रक केव्हा मिळेल?
ओळ 15, उपअभियंता : शुक्रवारपर्यंत सादर करतो.
ओळ 22, गटविकास अधिकारी : टँकर वाढवावे लागतील, असे वाटते.
ओळ 23, अध्यक्ष : पाहू.
ओळ 31, अध्यक्ष : विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून घ्याच.

यावरून तयार झालेल्या मसुद्यात तीन बाबी आल्या : अंदाजपत्रक, उपअभियंता, 21 मार्च; दोन टँकर वाढविणे, गटविकास अधिकारी, 25 मार्च; नमुने तपासणे, आरोग्य अधिकारी, 25 मार्च.

मसुदा नीटनेटका दिसतो. परंतु प्रत्येक बाबीसमोर आधाराच्या ओळीचा क्रमांक लिहू लागताच त्यातील उणीव उघड होते. पहिल्या बाबीला 14 व 15 या ओळींचा आधार आहे, आणि त्या आठवड्यातील शुक्रवार 21 मार्च रोजीच येतो. दुसरी बाब निर्णयच नव्हे. ते केवळ मत होते व अध्यक्षांनी त्यास संमती दिली नाही. ‘दोन’ हा आकडा तर कोणीच उच्चारलेला नाही. तिसऱ्या बाबीत निर्णय खरा आहे, पण अधिकारी व मुदत दोन्ही कल्पित आहेत. आरोग्य अधिकाऱ्याचे नाव उपस्थितांच्या यादीतही नसेल, तर न स्वीकारलेल्या कामाबद्दल त्याच्याकडे पुढे खुलासा मागितला जाईल.

शुद्ध इतिवृत्तात टँकरची बाब ‘चर्चा झाली, निर्णय झाला नाही’ अशी येईल. नमुन्यांच्या बाबीसमोर ‘जबाबदारी व मुदत निश्चित झाली नाही’ असे लिहून ती अध्यक्षांपुढे ठेवावी. त्यांनी नंतर अधिकारी नेमल्यास तो अध्यक्षांचा नंतरचा आदेश म्हणून स्वतंत्र दिनांकासह नोंदवावा. सभेचा निर्णय म्हणून नव्हे.

सर्व बाबींना एकच मुदत असणे, किंवा एकही रकाना रिकामा नसणे, ही संशयाची खूण समजावी. आधाराच्या ओळीने एक दोष मात्र सापडत नाही : शब्दशः नोंदच चुकीची असेल, तर इतिवृत्तही चुकते. म्हणून आकडे, दिनांक व नकारार्थी वाक्ये मूळ ध्वनिमुद्रणावरून पुन्हा ऐकावीत. शेवटी नोंद पहिल्या ओळीपासून वाचून एखादा खरा निर्णय सुटला नाही ना, हे पाहावे आणि मगच मसुदा स्वाक्षरीसाठी सादर करावा.