जादा तास थांबलं तर उमेदवारी लवकर संपते का?

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय फिटर होऊन हावड्याजवळच्या लिलुआ वर्कशॉपात ॲक्ट अप्रेंटिस म्हणून लागला आहे. वर्षाची उमेदवारी आहे. रोजच्या कामाची वही लिहितो आणि महिनाअखेर सेक्शनच्या साहेबांची सही घेतो. त्याचं म्हणणं असं की रोज दोन तास जादा थांबलो तर वर्षाचे तास दहा महिन्यांतच भरतील, मग सुटका लवकर होईल. हे खरं आहे का? ऑक्टोबरात तो डेंग्यूने आजारी होता, ते दिवस कसे भरून काढायचे? आणि उरलेले महिने मुंबईला परळच्या वर्कशॉपात काढता येतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. त्याचं कारण मात्र समजून घ्या, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरंही त्यातच आहेत.

तुमचा मुलगा आहे ती जागा हावड्याहून मेन लाइनने निघालं की पहिलंच स्टेशन. पूर्व रेल्वेचा हा कारखाना १९०० सालापासूनचा, डब्यांच्या दुरुस्तीचा. पूर्व रेल्वेने अलीकडे ३,११५ शिकाऊ उमेदवारांची जाहिरात काढली, त्यात ६१२ जागा एकट्या लिलुआच्या होत्या आणि ६५९ हावडा विभागाच्या. अर्ज देशभरातून जातात, त्यामुळे तिथे आपल्याकडची मुलं दिसली तर नवल नाही. ही सगळी उमेदवारी १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली चालते, आणि हा कायदा उमेदवारी तासांवर मोजत नाही. तो मोजतो करारातली मुदत. करार झाला त्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत थांबत नाही.

तास किती असावेत हे नियमांत होतं. १९९२ च्या नियमांनी शिकाऊ उमेदवाराला आठवड्याला ४२ ते ४८ तास सांगितले होते आणि वर्गातली शिकवणीही त्यातच धरलेली होती. डिसेंबर २०१४ पासून कायदा बदलला आणि तास ठरवणं मालकावर सोपवलं गेलं. अट एवढीच राहिली की प्रशिक्षणाची मुदत ठरवून दिलेली असेल तर ती पाळली गेली पाहिजे. मुलाचा हिशेब इथेच चुकतो. आठवड्याचे तास ही रोजच्या दिवसाची चौकट आहे, साठवून ठेवायची शिल्लक नव्हे.

जादा तासांबद्दल तर कायदा आणखी स्पष्ट आहे. कलम १५ सांगतं की शिकाऊ उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घ्यायचा नाही. घ्यायचाच असेल तर उमेदवारी सल्लागाराची परवानगी हवी, आणि ती परवानगीही उमेदवाराच्या प्रशिक्षणाच्या किंवा जनतेच्या हिताची असेल तरच द्यायची. म्हणजे संध्याकाळी दोन तास जास्त थांबलेला मुलगा परवानगीवाचून बेकायदा कामच करत असतो आणि ते तास कुठल्याही वहीत अधिकृतपणे जमा होत नाहीत. कलम १३ त्याच धोरणाचं आहे. उमेदवाराला नगावर मजुरी द्यायची नाही, उत्पादन बोनसच्या योजनेत ओढायचं नाही. तिथे त्याने जास्त काम उरकावं ही अपेक्षाच नाही, काम शिकावं ही आहे. मला हा कायद्याचा सर्वांत चांगला भाग वाटतो, कारण शिकाऊ पोराला स्वस्त मजूर बनवण्याची वाट तो याच दोन ठिकाणी अडवतो.

तासांवर चालणारी उमेदवारी जगात आहे, हेही खरं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात वायरमनच्या उमेदवारीचा आकडा ९,००० तासांचा आहे, त्यात ८,१६० कामावरचे आणि ८४० वर्गातले. टोरांटोकडच्या नातेवाइकांकडून मुलाने असं काही ऐकलं असेल तर त्याचा गोंधळ होणं साहजिक आहे. तिथे तास हेच माप आहे. आपल्याकडे मात्र तो आकडा नाही.

आता डेंग्यूचे दिवस. १९९२ च्या नियमांत एक माप होतं आणि मी आजही मुलांना तेच धरून चालायला सांगतो : वर्षाला किमान २०० दिवस हजेरी, त्यातला सहावा भाग म्हणजे ३३ दिवस संबंधित शिकवणीचे आणि उरलेले १६७ प्रत्यक्ष कामाचे. रजेचाही आकडा तेव्हा होता : १२ किरकोळ, १५ आजारपणाच्या आणि १० असाधारण, एकूण ३७. आता रजा त्या कारखान्यात चालू असलेल्या पद्धतीने मिळते, म्हणून मुलाने आपल्या प्रशिक्षण केंद्रातून रजेचे नियम लेखी घ्यावेत.

एक उदाहरण घेऊ. समजा कारखान्याचे वर्षाचे कामाचे दिवस २९५ आहेत. मुलगा ऑक्टोबरात २४ दिवस आजारी होता, दिवाळीला आणखी १२ दिवस घरी आला. ३६ दिवस वजा केले तर २५९ उरतात. २०० च्या मापाला ५९ दिवस शिल्लक, म्हणजे आकड्यापुरती काळजी नाही. पण त्याच वहीत ऑक्टोबरचं पान उघडून पाहा. मुलांना सेक्शन-सेक्शनमधून फिरवतात. समजा त्या महिन्यात त्याची पाळी ब्रेकच्या सेक्शनमध्ये चार आठवड्यांची होती आणि आजारामुळे तिथे तो जेमतेम दोन दिवस उभा राहिला. हजेरीची बेरीज भरते, ब्रेकचं काम मात्र शिकून होत नाही. फेब्रुवारीत बेरीज पाहणाऱ्याला हे दिसणार नाही. ३१ ऑक्टोबरला सही करणाऱ्याला दिसतं, आणि मुदत संपायच्या आत तो सेक्शन पुन्हा लावून घेता येतो.

महिन्याच्या सहीचं खरं काम हेच आहे. विद्यावेतनाशीही ती बांधलेली असते. नियमांप्रमाणे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं, किरकोळ आणि आजारपणाच्या रजेचे दिवस कापायचे नाहीत, असाधारण रजेचे मात्र मिळत नाहीत. म्हणून मस्टरवर आजारपणाची रजा लागली की गैरहजेरी लागली, एवढं त्याच महिन्यात पाहून घ्यावं. डॉक्टरांचा दाखला वर्षअखेरीला काढायचा कागद नाही, तो ऑक्टोबरच्या पानालाच लावायचा.

वहीत काय लिहायचं हे मुलांना कुणी नीट सांगत नाही. "बोगीचं काम केलं, ८ तास" अशी ओळ लिहिली की काहीच कळत नाही. त्याऐवजी समजा त्याने लिहिलं : "आयसीएफ बोगी, चार डॅशपॉट उघडून साफ केले, गाइडची झीज व्हर्निअरने मोजली, एक बदलायला काढला, दुपारी बफरची उंची घेतली, १,०८५ मिमी." ब्रॉड गेजच्या डब्याची बफर उंची १,०३० ते १,१०५ मिमीच्या आत असावी लागते, म्हणजे १,०८५ बरोबर आहे, आणि सही करणाऱ्याला हे एका नजरेत कळतं. शिवाय तो विचारू शकतो की गेज कुठे टेकवला. अशा नोंदीवर सही करायला साहेबालाही संकोच वाटत नाही. मुलगा ते काम खरंच करत होता की बाजूला उभा होता, हे त्याला विचारून पाहता येतं.

जिथे हे बिघडतं तिथे बहुतेक एकाच प्रकाराने बिघडतं. सहा-सहा महिन्यांच्या पानांवर एका दुपारी सह्या होतात. शाई एकच, अक्षर एकच, आणि तपासणाऱ्याने मस्टर शेजारी ठेवलं की भांडं फुटतं. वहीत रविवारी काम केलेलं असतं, वर्गाच्या दिवशी बोगी शॉपची नोंद असते, मुलगा रजेवर असतानाचे ८ तास लिहिलेले असतात. साहेबाची मधेच बदली झाली असेल तर आणखी वाईट, कारण नव्या साहेबाने न पाहिलेल्या कामावर सही करायची नसते आणि जुना सापडत नाही. बदलीची बातमी लागताच मुलाने त्याच दिवसापर्यंतची पानं पुरी करून सही घ्यावी. आणि वहीचे महिन्याकाठी फोटो काढून ठेवावेत, कारण मूळ वही केंद्रात जमा करावी लागते.

करार केव्हा झाला हेही एकदा पाहून घ्या. मुदत मोजायला कराराची तारीख लागते, दारातून आत गेल्याची नाही. मुलगा कामावर दोन आठवडे आधी हजर झाला आणि करार नंतर झाला तर ते दोन आठवडे मुदतीत धरायचा आग्रह त्याला करता येणार नाही. apprenticeshipindia.gov.in वर त्याच्या नावापुढे कराराची सुरुवात आणि शेवट दिसतो. त्या दोन तारखा त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

आजार इतका लांबला की अभ्यासक्रमच मुदतीत पुरा होत नाही, तर काय? नियमांनी मालकाला सांगितलं आहे की आजार किंवा उमेदवाराच्या हाताबाहेरच्या कारणाने अभ्यासक्रम राहिला तर मुदत वाढवून द्यायची, अभ्यासक्रम पुरा होऊन पुढची परीक्षा होईपर्यंत. तुमच्या मुलाच्या बाबतीत याची गरज पडेल असं मला दिसत नाही. पण गरज पडली तर वाढीव मुदत मिळवण्यासाठी आजाराचा दाखला आणि त्या महिन्याची सही, हेच दोन कागद उपयोगी पडतात.

मुलगा एवढी घाई का करतो हे मला समजतं. अखेरीला अखिल भारतीय ट्रेड टेस्ट आणि तिच्यात पास झाल्यावर राष्ट्रीय उमेदवारी प्रमाणपत्र, आणि रेल्वेच्या लेव्हल-१ पदांपैकी २० टक्के जागा रेल्वेतच उमेदवारी पुरी केलेल्यांना राखीव आहेत. ही वाट त्याला लवकर पकडायची आहे. पण प्रमाणपत्र परीक्षेवर मिळतं आणि परीक्षेला बसायला मुदत पुरी झालेली लागते, म्हणून ही रांग दहाव्या महिन्याला सुरू होत नाही.

परळच्या बदलीचं. कलम ५ मध्ये करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करायची सोय आहे, पण ती उमेदवाराच्या सोयीसाठी नाही. जो मालक आपलं बंधन पाळू शकत नाही त्याच्याकडून उरलेल्या मुदतीपुरता करार दुसऱ्याकडे जातो, तोही जुना मालक, नवा मालक आणि उमेदवार तिघे तयार असतील आणि उमेदवारी सल्लागाराने मंजुरी दिली तर. लिलुआचा कारखाना चालू आहे, प्रशिक्षण चालू आहे, त्यामुळे तसा अर्ज टिकण्यासारखा नाही. करार मधेच सोडून परळला नवा अर्ज केला तर तो नव्या वर्षाचा नवा करार होईल. लिलुआच्या वहीतली पानं तिथल्या मुदतीत धरली जाणार नाहीत.