घटक ५ : छायाचित्रातील अक्षरे – भाषांतर कशाचे करावयाचे?

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• छायाचित्रात दिसणाऱ्या अक्षरांतून भाषांतराचा मजकूर कोणता, हे ठरविता येईल;
• अर्धवट दिसणाऱ्या शब्दाचा पुरावा किती आणि अनुमान किती, हे वेगळे करता येईल;
• आपला निर्णय काम देणाऱ्या व्यक्तीकडून पक्का करून घेता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पत्र, दस्तऐवज किंवा लेख भाषांतरासाठी आला की मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हा प्रश्न सहसा पडत नाही. छायाचित्राचे तसे नाही. त्यात माणसे, घरे, रस्ता असतो आणि अक्षरे कोठेतरी मागे, अर्धी झाकलेली असतात. 'यात काय लिहिले आहे ते मराठीत हवे' असे सांगून कोणी असे छायाचित्र पाठविले, तर पहिले काम भाषांतराचे नसून मजकूर निश्चित करण्याचे असते. ते कसे करावे, हे सरावासाठी रचलेल्या एका उदाहरणाने पाहू.

५.३ विषयविवेचन

*५.३.१ उदाहरण आणि पहिली नोंद*

असे समजा की, वडोदऱ्यात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील नात आजोबांविषयी स्मरणपुस्तिका काढत आहे. तिने एक जुने कृष्णधवल छायाचित्र मोबाइलवरून पाठविले. आजोबा एका इमारतीच्या ओट्यावर उभे आहेत. त्यांच्या डोक्यामागे, चित्राच्या डाव्या कडेला लागून, गुजराती लिपीतील पाटी आहे. तिचा डावा भाग चौकटीबाहेर गेला आहे. उजवीकडच्या भिंतीवर एक फाटका जाहिरातीचा कागद आहे. आजोबा दवाखान्यात नोकरीस होते, अशी घरातील समजूत आहे. नातीला चित्राखाली छापण्यासाठी ओळ हवी आहे.

प्रथम काहीही न वाचता, जेथे जेथे अक्षरे आहेत त्या जागांची यादी करावी. प्रत्येक जागेपुढे लिपी कोणती, किती भाग दिसतो आणि कशामुळे झाकला गेला आहे, एवढेच लिहावे. अक्षरे उलटी, आरशात दिसावीत तशी, तर नाहीत ना, हेही पाहावे. जुन्या फिल्मवरून प्रत काढताना ती उलटी धरली गेल्यास असे घडते. यादी आधी केल्याने ठळक दिसणारी पाटी हाच मजकूर, असा ग्रह होत नाही.

*५.३.२ अर्धवट शब्द वाचताना*

पाटीवर स्पष्ट वाचता येतो तो अंश '…खानुं' एवढाच आहे. गुजरातीत 'दवाखानुं', 'छापखानुं', 'कारखानुं' हे तिन्ही शब्द रूढ आहेत. मराठीत हेच शब्द आकारान्त पुल्लिंगी आहेत, गुजरातीत ते नपुंसकलिंगी आहेत. म्हणून शेवटी 'नुं' आहे. घरची समजूत कानांवर असल्याने 'दवा' ही दोन अक्षरे मनातल्या मनात जोडली जातात आणि 'दवाखान्यासमोर आजोबा' अशी ओळ तयार होते. ही ओळ भाषांतर नव्हे. ती पाठविणाऱ्याची समजूत त्यालाच परत केलेली असते. एकदा पुस्तिकेत छापली गेली की पुढची पिढी तिलाच पुरावा मानील.

आता कडेकडे बारकाईने पाहा. 'खा'च्या अगदी डावीकडे, चौकटीला टेकून, एक उभी रेघ दिसते. गुजराती 'र'ला उभा दंड नसतो. म्हणून 'कारखानुं' हा शब्द बाद होतो. परंतु ती रेघ 'वा'चा काना असू शकते, तशीच 'प'चा दंडही असू शकते. म्हणजे 'दवाखानुं' आणि 'छापखानुं' या दोहोंत निवड करण्यास चित्रात आधार नाही. दंड असलेल्या अक्षराचा आणखी एखादा शब्दही शक्य आहे. येथे वाचन थांबवावे.

*५.३.३ विचारावयाचे प्रश्न*

यानंतर काम देणाऱ्या व्यक्तीला तीन गोष्टी विचाराव्यात. भाषांतराचा उपयोग कशासाठी आहे? तुम्हांला नेमके कोणत्या अक्षरांविषयी जाणून घ्यावयाचे आहे? आणि छायाचित्राची मागची बाजू, पुठ्ठा व कडा पाहता येतील का? संदेशातून पाठविलेले चित्र बहुधा आकुंचित होऊन येते आणि त्यातील बारीक अक्षरे पुसट होतात. म्हणून मूळ प्रत स्कॅन करून, चित्र म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठविण्यास सांगावे. पुसट चित्र पडद्यावर मोठे केल्याने नवे तपशील मिळत नाहीत.

आपल्या उदाहरणात नातीने मागची बाजू पाठविली. तीवर शाईने लिहिले होते : 'छापखानाना ओटला पर, आसो सुद १०, सं. २००५'. खरा मजकूर हा होता, आणि पहिल्या चित्रात तो दिसतच नव्हता.

*५.३.४ तारखेचे भाषांतर*

गुजराती लिपीत ५ हा अंक आणि 'प' हे अक्षर जवळजवळ सारखे दिसते. आकड्यांच्या ओळीत ते आल्याने येथे ५ हाच अंक घ्यावा. 'आसो सुद' म्हणजे आश्विन शुद्ध. गुजरातेतील विक्रम संवत कार्तिकात सुरू होतो. त्यामुळे आश्विन हा वर्षाचा अखेरचा महिना ठरतो. म्हणून २००५ मधून ५६ वजा करून इ. स. १९४९ येते. उत्तरेतील चैत्रादी संवताप्रमाणे हाच महिना १९४८ मध्ये पडला असता. मराठी वाचकाला शकाची सवय असल्याने मूळ संवत ठेवून कंसात इसवी सन द्यावे.

*५.३.५ निर्णय आणि त्याची खातरजमा*

छायाचित्रासाठी म्हणून लिहिलेला मजकूर – पाठीवरील, पुठ्ठ्यावरील, कडेवरील – पूर्ण भाषांतरित करावा. पार्श्वभूमीवरील अक्षरे स्थळ, काळ किंवा व्यक्ती ओळखण्यास उपयोगी पडत असतील, तर त्यांची टीप द्यावी. बाकीच्यांची केवळ नोंद ठेवावी. त्यानुसार आपले काम असे होईल :

पाठीवरील मजकूर : छापखान्याच्या ओट्यावर, आश्विन शुद्ध १०, विक्रम संवत २००५ (इ. स. १९४९).
टीप : [मागील पाटीचा डावा भाग चौकटीबाहेर, दिसणारा अंश '…खानुं'. पाठीवरील मजकुराशी जुळतो.]
नोंद : [भिंतीवरील फाटका कागद, भाषांतर केलेले नाही.]

पाटीचा शब्द पूर्ण करून 'छापखाना' असा लिहू नये. 'जुळतो' एवढेच म्हणावे. पाठीवरील ओळ कोणी व केव्हा लिहिली, हे भाषांतरकाराला ठाऊक नसते. ती पुढे केव्हातरी आठवणीने लिहिलेली असू शकेल. हा मसुदा पाठवून 'कागदावरील अक्षरे हवी आहेत काय?' असे लेखी विचारावे आणि उत्तर आल्यावरच काम पूर्ण समजावे. घरची समजूत आणि पाठीवरील ओळ यांत विसंगती आहे, हेही नातीला सांगावे. आजोबा छापखान्यात नोकरीस होते, असे मात्र त्या ओळीत म्हटलेले नाही. ते केवळ त्या ओट्यावर उभे होते.

५.४ स्वाध्याय

१. वरील उदाहरणात पाठीवर काहीच लिहिलेले नसते, तर तुम्ही चित्राखालील ओळ कशी लिहिली असती? कारणे द्या.
२. घरातील एखादे जुने छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरांच्या सर्व जागांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे 'भाषांतर', 'टीप' किंवा 'नोंद' असा निर्णय लिहा.