रोख सूट नाकारण्याची किंमत

पुरवठादाराकडून उधारीवर मिळणारा माल ही बिनव्याजी सोय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. उधारीच्या अटीत रोख सूट असेल, तर तो समज खरा ठरत नाही. ‘२/१०, नेट ३०’ या अटीचा अर्थ असा की, दहा दिवसांच्या आत रक्कम चुकती केल्यास दोन टक्के सूट मिळते. अन्यथा पूर्ण रक्कम तिसाव्या दिवसापर्यंत द्यावी लागते.

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधील एका काल्पनिक फर्निचर दुकानाचे उदाहरण घेऊ. पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका लघुउद्योगाकडून त्याने १,००,००० रुपयांचा माल या अटीवर घेतला. दहाव्या दिवशी ९८,००० रुपयांत हिशेब मिटतो. पहिले दहा दिवस खरोखरच बिनखर्चाचे असतात. परंतु तिसाव्या दिवशी पैसे दिल्यास ९८,००० रुपये आणखी वीस दिवस वापरण्यासाठी दुकानदार २,००० रुपये मोजतो. म्हणून छेदस्थानी १०० नव्हे, तर ९८ येतात:

(२ ÷ ९८) × (३६५ ÷ २०) × १०० = ३७.२४ टक्के

हा वार्षिक सरळ दर होय. चक्रवाढीने तो सुमारे ४४.६ टक्के होतो.

आता बँकेच्या कॅश क्रेडिटवरील व्याज १२ टक्के आहे असे मानू. ९८,००० रुपयांचे वीस दिवसांचे व्याज सुमारे ६४४ रुपये होते. म्हणजे बँकेकडून उचल करून दहाव्या दिवशी बिल चुकवल्यास सुमारे १,३५६ रुपये वाचतात. दोन टक्क्यांची बारा टक्क्यांशी थेट तुलना करणे ही येथील नेहमीची चूक आहे. पहिला आकडा वीस दिवसांचा आहे, तर दुसरा वर्षाचा.

या सूत्रातून आणखी एक निष्कर्ष निघतो. सूट गमावून पंधराव्या दिवशी पैसे दिल्यास केवळ पाच दिवसांसाठी २,००० रुपये जातात आणि वार्षिक दर सुमारे १४९ टक्के होतो. सूट घ्यायची नसेल, तर तिसाव्या दिवसाआधी पैसे देण्यात लाभ नाही.

साठाव्या दिवसापर्यंत रक्कम लांबवल्यास मात्र हा दर १४.९ टक्क्यांवर उतरतो. येथे कायदा आडवा येतो. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादक असल्यास, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार कराराची मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. ठरलेली मुदत उलटताच रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. त्यामुळे लांबवलेली उधारी कागदावरच स्वस्त दिसते.

अर्थात, बँकेची पतमर्यादा संपलेली असेल, तर ही तुलना निरुपयोगी ठरते. ३७ टक्क्यांची उधारी घेणारा प्रत्येक दुकानदार गणितात चुकलेला नसतो. अनेकदा त्याच्यासाठी बँकेचा दरवाजाच बंद असतो.